वयानुसार विमा हप्त्याचा फॉर्म: बाउंड्री टेस्ट केस लिहिताना ठेवलेल्या नोंदी

१६ फेब्रुवारी २०२६, सोमवार

आज नवीन काम हातात आलं. एका पतसंस्थेच्या सभासदांसाठी आजारपणाचा गट विमा काढायचा आहे आणि त्याचा हप्ता दाखवणारा फॉर्म आम्ही करतोय. सभासदाने जन्मतारीख टाकायची, विमा रक्कम निवडायची (१, ३ किंवा ५ लाख), की खाली वर्षाचा हप्ता दिसतो. विश्रामबागच्या आमच्या ऑफिसात चार जण आहेत, त्यातली टेस्टिंगची जबाबदारी माझी एकटीची. असाच फॉर्म तपासायची वेळ कुणावर आली तर उपयोग व्हावा म्हणून रोजचं लिहून ठेवतेय.

पतसंस्थेने दिलेला नियम एका कागदावर मावतो. वय १८ ते ६५. गट पाच: १८–२५, २६–३५, ३६–४५, ४६–५५, ५६–६५. प्रत्येक गटाचा हप्ता वेगळ्या ओळीत.

इक्विव्हॅलन्स क्लास, म्हणजे फॉर्मने एकसारखं वागावं असे गट, पाडायला पाच मिनिटं लागली. पाच चालणारे गट, एक १८ च्या खालचा, एक ६५ च्या वरचा. त्याशिवाय रिकामी जन्मतारीख, उद्याची किंवा पुढची तारीख, आणि ३१ जूनसारखी कॅलेंडरमध्ये नसलेली तारीख. बाउंड्रीसाठी, म्हणजे जिथे एक गट संपून दुसरा सुरू होतो त्या कडांसाठी, १७, १८, २५, २६, ३५, ३६ असं करत ६६ पर्यंत गेले. संध्याकाळपर्यंत शीट तयार झाली आणि काम जवळजवळ संपलं असं वाटलं.

१७ फेब्रुवारी

शीट घेऊन फॉर्मसमोर बसले आणि पहिल्याच ओळीला थांबले. फॉर्ममध्ये वयाची चौकटच नाही, जन्मतारखेची आहे. माझ्या शीटमधलं ‘२५’ तिथे टाकायचं कसं?

घाईत मी प्रत्येक वयासाठी मनाला येईल ती जन्मतारीख धरली. २५ साठी जुलै २०००, २६ साठी जुलै १९९९. सगळ्या ओळी बरोबर आल्या, आणि इथेच माझी चूक होती. जुलै २००० मध्ये जन्मलेला माणूस आज २५ वर्षं सात महिन्यांचा आहे. तो २५ या वर्षाच्या मधोमध उभा आहे, सीमेवर नाही. म्हणजे दिवसभर मी बाउंड्रीच्या नावाखाली गटाच्या आतलेच नमुने तपासत होते. वय हा आकडा वर्षभर तसाच राहतो, बदलतो तो एका दिवशी. जन्मतारीख घेणाऱ्या फॉर्मची बाउंड्री म्हणजे २५ आणि २६ हे आकडे नाहीत. ती सव्विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसात आणि वाढदिवसात आहे.

कालची आणि आजची शीट बाजूला ठेवली. दीड दिवस गेला.

१८ फेब्रुवारी

तारखांवर काम करायचं तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हे लोक वय कोणतं धरतात? विम्यात दोन पद्धती चालतात. एक, पूर्ण झालेलं वय, म्हणजे शेवटच्या वाढदिवसाला झालेलं. दुसरी, जवळच्या वाढदिवसाचं वय, म्हणजे सहा महिने उलटून गेले की पुढचं वर्ष धरायचं. एकाच योजनेत दोन्हीही असू शकतात. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेच्या नियमात खालची मर्यादा १८ वर्षं पूर्ण अशी आहे आणि वरची ५० वर्षं जवळच्या वाढदिवसानुसार. तिथे वरची बाउंड्री वाढदिवसावर पडतच नाही, ती साधारण साडेपन्नास वर्षांपाशी पडते. ‘१८ ते ५०’ एवढंच वाचून टेस्ट लिहिणारा तिथे नक्की चुकतो.

म्हणून पतसंस्थेत हे काम बघणाऱ्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “वय म्हणजे वय हो, त्यात काय विचारायचं?” मी उदाहरण दिलं. समजा एक सभासद ६५ वर्षं आणि आठ महिन्यांचे आहेत. त्यांना विमा द्यायचा का? थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, “थांबा, विचारून सांगते.” दुपारी मेल आला: दोन्ही बाजूंना पूर्ण झालेलं वय धरायचं, ६६ वा वाढदिवस उजाडला की बंद.

वाढदिवसाच्या दिवशी वय पूर्ण धरायचं की दुसऱ्या दिवशी, हेही विचारून घेतलं होतं. १८ साठी त्याचं उत्तर कायद्यातच आहे. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याप्रमाणे जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरतात आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान होतो. बाकीच्या गटांनाही पतसंस्थेने तोच हिशेब लावला.

हे ठरल्यावर बाउंड्री मोजक्याच सहा राहिल्या: १८, २६, ३६, ४६, ५६ आणि ६६ वा वाढदिवस.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी होती. आज शीट नव्याने लिहिली.

जन्मतारखा हाताने लिहून ठेवल्या तर आजच्या ओळी उद्या शिळ्या होतात, कारण उद्या तोच माणूस एक दिवसाने मोठा झालेला असतो. म्हणून तारखा सूत्रातून काढल्या. `EDATE` दिलेल्या तारखेपासून सांगितलेले महिने मागे किंवा पुढे जातं. १८ वर्षं म्हणजे २१६ महिने. प्रत्येक बाउंड्रीला तीन ओळी:

```
=EDATE(TODAY(),-216)+1    उद्या १८ पूर्ण होणार    → नाकारा
=EDATE(TODAY(),-216)      आज १८ पूर्ण             → १८–२५ चा हप्ता
=EDATE(TODAY(),-216)-1    काल १८ पूर्ण झाले        → १८–२५ चा हप्ता
```

पहिल्या ओळीत अधिक एक आहे ते वाचताना गोंधळ होतो. जन्म एक दिवस उशिराचा म्हणजे माणूस एक दिवसाने लहान. मी स्वतः दोनदा उलटं लिहिलं. सूत्राशेजारी ‘उद्या पूर्ण होणार’ असं साध्या शब्दांत लिहिल्यावरच ते थांबलं.

सहा बाउंड्रींच्या मिळून १८ ओळी झाल्या. नाकारायच्या इतर गटांना प्रत्येकी एक ओळ दिली आणि एका ओळीत एकच चूक ठेवली. जन्मतारीख रिकामी आणि विमा रक्कमही निवडलेली नाही, अशी जोडी एकत्र दिली तर फॉर्म पहिल्या चुकीला अडतो आणि दुसरी तपासली गेली की नाही ते कळत नाही. विमा रक्कम सगळीकडे १ लाखच ठेवली, म्हणजे हप्ते जुळवायला सोपं जाईल. हा निर्णय पुढे महागात पडला, ते खाली येईलच.

हाताने सगळ्या ओळी चालवायला तास-सव्वा तास लागला. सगळं हिरवं, म्हणजे प्रत्येक ओळीला अपेक्षित उत्तर आलं. मग आमच्या प्रोग्रॅमरने शीटवरून फॉर्म भरणारी छोटी स्क्रिप्ट करून दिली. आता दोन मिनिटांत होतं.

२४ फेब्रुवारी

दिवसभर वीज ये-जा करत होती, त्यामुळे रात्री आठला घरून स्क्रिप्ट चालवली. तीन ओळी लाल. उद्या १८ होणाऱ्याला फॉर्मने हप्ता दाखवला, उद्या ४६ होणाऱ्याला वरच्या गटात टाकलं आणि उद्या ६६ होणाऱ्याला नाकारलं. म्हणजे तिघांनाही एक दिवस आधीच मोठं केलं.

२५ फेब्रुवारी

सकाळी ऑफिसात तीच स्क्रिप्ट चालवली. सगळं हिरवं. घरच्या लॅपटॉपवरची तारीख चुकली असेल असं धरून पुढे गेले. तारीख खरंच चुकली होती का, हे बघितलं नाही. या कामातली सगळ्यात मोठी चूक हीच. लाल ओळ आपोआप हिरवी झाली तर तिचं कारण सापडेपर्यंत ती लालच धरायला हवी होती.

२७ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा सगळं हिरवं. पतसंस्थेला ‘तपासणी पूर्ण’ असा अहवाल पाठवला.

४ मार्च, बुधवार

शनिवार-रविवार आणि होळी-धुळवडीच्या सुट्ट्यांनंतर आज ऑफिस उघडलं. फॉर्मवरच्या एका मजकुराची दुरुस्ती झाली होती, म्हणून सकाळी अकराला स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तीन ओळी लाल, आणि या वेळी उलट्या बाजूने. आज १८ पूर्ण झालेल्याला फॉर्म नाकारतोय. आज ४६ झालेला खालच्याच गटात आहे. आज ६६ झालेल्या माणसाला फॉर्म चक्क हप्ता दाखवतोय.

वयाच्या हिशेबाला सुट्टीत कुणी हात लावला नव्हता. प्रोग्रॅमरने बदलांची यादी उघडून दाखवली, मजकुराच्या दोन ओळींशिवाय काही नव्हतं. त्याचा दिवस दुसऱ्या कामात गेला. संध्याकाळी सहाला त्याने स्वतः चालवून बघितलं आणि मला हाक मारली, “ताई, माझ्याकडं तर सगळं हिरवं हाय की!” मी माझ्या मशीनवर चालवलं. माझ्याकडेही हिरवं.

तेव्हा २४ तारखेची रात्र आठवली. त्या रात्री लाल होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवं. आज सकाळी लाल आणि संध्याकाळी हिरवं. म्हणजे मशीनचा दोष नव्हता, घड्याळाचा काहीतरी संबंध होता.

५ मार्च

सकाळी वयाच्या हिशेबाची ओळ मागून घेतली:

```js
const age = Math.floor(
  (new Date() - new Date(dob)) / (365.25 * 24 * 60 * 60 * 1000)
);
```

जन्मापासून आत्तापर्यंत किती वेळ गेला ते मोजायचं आणि त्याला ३६५.२५ दिवसांच्या वर्षाने भागायचं. दर चार वर्षांनी एक लीप दिवस येतो म्हणून सरासरी ३६५.२५. ऐकायला बरोबर वाटतं. मी वही घेतली आणि १८ साठी मांडून बघितलं.

१८ गुणिले ३६५.२५ म्हणजे ६५७४.५ दिवस. एवढे दिवस भरले की हा कोड माणसाला १८ चा म्हणतो. पण खऱ्या कॅलेंडरमध्ये १८ वर्षांत अर्धा दिवस कधीच नसतो. १८ वर्षांत २९ फेब्रुवारी एकतर चारदा येते किंवा पाचदा. चारदा आली तर एकूण दिवस ६५७४, पाचदा आली तर ६५७५.

४ मार्च २००८ ला जन्मलेल्याने २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ अशा चार २९ फेब्रुवारी बघितल्या. २००८ ची त्याच्या जन्माआधीच होऊन गेली होती. अठराव्या वाढदिवसाला त्याचे ६५७४ दिवस भरले. कोडला हवेत ६५७४.५. अर्धा दिवस कमी पडला म्हणून वय १७ आलं.

आता २७ फेब्रुवारी २००८ ला जन्मलेला घ्या. त्याच्या वाट्याला २००८ ची २९ फेब्रुवारीसुद्धा आली. पाच लीप दिवस, ६५७५ दिवस, वय १८. म्हणूनच २७ तारखेपर्यंत सकाळी सगळं हिरवं होतं. १ मार्चपासून पुढे वाढदिवस असणाऱ्यांच्या हिशेबातून एक लीप दिवस निघून गेला, आणि कोडला कुणी हात न लावता निकाल फिरला.

घड्याळाचं कोडंही त्या अर्ध्या दिवसानेच सुटलं. `new Date(dob)` ला नुसती तारीख दिली की ती ग्रिनिचच्या मध्यरात्रीची धरली जाते, म्हणजे आपल्याकडचे पहाटे साडेपाच. `new Date()` मात्र आत्ताची वेळ देतो. साडेपाचपासून बारा तास मोजले की संध्याकाळचे साडेपाच. काल सकाळी अकराला अर्धा दिवस भरला नव्हता, सहाला भरलेला होता. २४ तारखेच्या रात्री उलटं झालं. ज्याचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता त्याचे ६५७४ दिवस आणि वर साडेचौदा तास झाले होते, अर्ध्या दिवसाहून जास्त, म्हणून तो एक दिवस आधीच १८ चा ठरला.

याचा अर्थ साडेपाचच्या आत ऑफिसात बसून टेस्ट चालवणाऱ्याला २०२५ चं अख्खं वर्ष ही चूक दिसली नसती. त्याचे वाढदिवसाचे सगळे नमुने पाच लीप दिवसांचे निघाले असते. हे कागदावर आल्यावर मी प्रोग्रॅमरला दाखवलं. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “ही ओळ मी आधीच्या दोन कामांत पण वापरलीय, ताई.” ती दोन्ही कामं त्याने आजच उघडली.

६ मार्च

दोन गोष्टी अजून जुळत नव्हत्या. ३६ आणि ५६ च्या ओळी कधीच लाल का झाल्या नाहीत? आणि २६ ची का नाही?

३६ आणि ५६ ला चारने पूर्ण भाग जातो. ३६ वर्षांत लीप दिवस नेहमी नऊच येतात, १९०१ ते २०९९ मध्ये कुठूनही मोजा. ३६ गुणिले ३६५.२५ म्हणजे १३,१४९, आणि खरे दिवसही १३,१४९. अर्धा दिवस उरतच नाही, त्यामुळे तिथे कोड बरोबर वय देतो. याला अपवाद फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाचचा. तेव्हा आपल्याकडे वाढदिवस लागलेला असतो, पण ग्रिनिचला नाही. याउलट १८, २६, ४६ आणि ६६ ला चारने भागलं की दोन उरतात, आणि त्या सगळ्यांत हाच अर्धा दिवस अडकतो.

मग २६ ची ओळ लाल व्हायला हवी होती. जन्म ४ मार्च २०००, लीप दिवस सहा, एकूण ९,४९६ दिवस, कोडला हवेत ९,४९६.५. वय २५ येणार, गट चुकणार. तरी ओळ हिरवी.

दर असलेला कागद पुन्हा काढला. १ लाखाच्या रकमेला १८–२५ आणि २६–३५ या दोन्ही गटांचा हप्ता ६१० रुपयेच आहे. फॉर्मने गट चुकीचा धरला होता, पण रक्कम तीच आल्यामुळे ओळ हिरवी राहिली. बाहेर दिसणारं उत्तर दोन्ही बाजूंना सारखं असेल तर ती बाउंड्री तपासलीच जात नाही. सोपं जावं म्हणून मी निवडलेल्या १ लाखाने एक बाउंड्री झाकून टाकली होती. ३ लाखाला पाचही गटांचे दर वेगळे आहेत. रक्कम ३ लाख करून सकाळी चालवलं आणि २६ ची ओळ लाल झाली. लाल झाल्याचं समाधान वाटलं, कारण आता हिशेब पूर्ण जुळला.

तेव्हा शीट लिहिण्याआधी दरांचा तक्ता आडवा-उभा वाचावा. शेजारच्या दोन गटांचा दर कुठे सारखा असेल तर त्या बाउंड्रीसाठी ती विमा रक्कम घेऊ नये.

९ मार्च

प्रोग्रॅमरने भागाकार काढून टाकला. आता वर्षातून वर्ष वजा होतं, आणि वाढदिवस अजून यायचा असेल तर एक कमी होतं:

```js
function purnaVay(dob, on) {
  let v = on.y - dob.y;
  if (on.m < dob.m || (on.m === dob.m && on.d < dob.d)) v--;
  return v;
}
```

यात घड्याळ नाही आणि ग्रिनिचही नाही. दुसरा फायदा माझा. ‘आज’ ही तारीख आता बाहेरून द्यायची असते, त्यामुळे टेस्टला खऱ्या आजवर अवलंबून राहावं लागत नाही.

शीट तिसऱ्यांदा लिहिली. `TODAY()` पूर्ण काढलं. त्याऐवजी चार ठरलेल्या तारखा घेतल्या: १५ जुलै २०२४, २०२५, २०२६ आणि २०२७. लीप वर्षाचं चक्र चार वर्षांचं असतं, त्यामुळे ओळीने चार वर्षं घेतली की १८, २६, ४६ आणि ६६ या प्रत्येक बाउंड्रीला एक लीप दिवस कमी आणि एक जास्त असे दोन्ही प्रकार मिळतात. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाची तिसरी ओळ मी काढली. तिने या कामात वेगळं काही पकडलं नाही, आणि जी जागा वाचली ती वर्षांना दिली. सहा बाउंड्री, दोन ओळी, चार वर्षं: ४८.

नवीन कोडवर चालवण्याआधी या ४८ ओळी जुन्या कोडवर चालवल्या. शीटला चूक पकडता येते का, हे चूक असलेल्या कोडवरच कळतं. प्रोग्रॅमरने त्यासाठी जुन्या कोडला ठरलेली वेळ देता येईल अशी प्रत करून दिली. सकाळी ११ आणि रात्री ८ अशा दोन वेळा लावल्या, म्हणजे ९६ निकाल. वहीवर आधी लिहून ठेवलं होतं: सकाळी २०२६ आणि २०२७ मध्ये वाढदिवसाच्या चार-चार ओळी लाल, रात्री २०२४ आणि २०२५ मध्ये आदल्या दिवसाच्या चार-चार, एकूण १६. बरोबर १६ आल्या, आणि त्याच जागी. मग नवीन कोड लावला. शून्य.

१० मार्च

२९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचं काय? २०२६ मध्ये ती तारीख नाही. त्यांचं वय २८ फेब्रुवारीला पूर्ण धरायचं की १ मार्चला?

शीटकडून उत्तर मिळेल असं वाटलं होतं, पण तिचीच दोन सूत्रं एकमेकांशी भांडतात. २९ फेब्रुवारी २००८ मध्ये `EDATE` ने २१६ महिने मिळवले की २८ फेब्रुवारी २०२६ येते. त्याच दोन तारखांमधली पूर्ण वर्षं `DATEDIF` ला `"Y"` लावून मोजली की २८ तारखेला उत्तर १७ येतं. म्हणजे अपेक्षित उत्तर काढायला कुठलं सूत्र वापरलं यावर टेस्ट पास की नापास ते ठरणार. हा निर्णय टेस्टरने किंवा प्रोग्रॅमरने करायचा नसतो. पतसंस्थेला विचारलं, त्यांनी विमा कंपनीला विचारलं, आणि उत्तर लेखी आलं: १ मार्च. नवीन कोड तसंच वागतो, कारण २८ हा आकडा २९ पेक्षा लहान आहे. तरी दोन ओळी स्वतंत्र घातल्या, २८ फेब्रुवारीची आणि १ मार्चची. उद्या कुणी कोड बदलला तर हा निर्णय नकळत बदलू नये.

१२ मार्च

नवीन फंक्शनला तारीख बाहेरून द्यायची म्हटल्यावर प्रोग्रॅमरने साधा प्रश्न विचारला, “कुठली तारीख देऊ, ताई? फॉर्म भरला ती, का पैसे भरले ती?”

हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. विमा सुरू होतो तो पैसे जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. एखाद्या सभासदाने २५ वर्षांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी फॉर्म भरला, तर स्क्रीनवर १८–२५ चा हप्ता दिसतो. त्याने त्याच रात्री पैसे भरले तरी विमा सुरू होईल तेव्हा तो २६ चा असेल. आपण ज्या दिवसाला बाउंड्री समजत होतो ती एक दिवस अलीकडे सरकते, आणि त्याने फॉर्म भरून पैसे चार दिवसांनी भरले तर आणखी अलीकडे.

पतसंस्थेच्या ताईंना पुन्हा फोन. आता त्याही या प्रश्नांना सरावल्यात. “विमा सुरू होईल त्या दिवसाचं वय धरा, आणि पैसे भरायच्या पानावर हप्ता परत मोजा,” असं त्यांनी सांगितलं आणि दुपारी मेलवरही पाठवलं. सगळ्या ४८ ओळींमधली ‘आज’ ची तारीख ‘विमा सुरू’ अशी केली. तारखा त्याच राहिल्या, नाव बदललं. वर चार ओळी वाढल्या, ज्यात फॉर्म भरण्याचा दिवस आणि विमा सुरू होण्याचा दिवस यांच्या मधे २६ वा किंवा ६६ वा वाढदिवस येतो. ६६ च्या ओळीत हप्ता दाखवून झाल्यावर पैसे भरण्याच्या पानावर नकार यायला हवा. आज तो येत नव्हता. दुरुस्ती सांगितली.

१३ मार्च, शुक्रवार

नकाराची दुरुस्ती झाली. आता शीटमध्ये बाउंड्रीच्या ४८ ओळी, २९ फेब्रुवारीच्या २, दोन तारखांमधल्या ४, गटाच्या आतला प्रत्येकी एक नमुना अशा ५, आणि नाकारायच्या गटांच्या ५ (१८ च्या खालचा, ६५ च्या वरचा, रिकामी, पुढची आणि कॅलेंडरमध्ये नसलेली तारीख). एकूण ६४. सकाळी दहाला आणि रात्री आठला, दोन्ही वेळा हिरव्या. मध्यरात्रीनंतर एकला अलार्म लावून उठले आणि तिसऱ्यांदा चालवल्या. तेव्हाही हिरव्याच.

हिशेब असा: चार दिवसांचं काम धरलं होतं, तारखांनी बघितलं तर जवळजवळ चार आठवडे गेले आणि प्रत्यक्ष कामाचे नऊ दिवस. त्यातले दीड दिवस आकड्यांच्या बाउंड्रीत गेले, आणि २५ फेब्रुवारीला लाल ओळ सोडून दिल्यामुळे दोन. २७ चा अहवाल मागे घेतल्याचं पत्र आज पतसंस्थेला पाठवलं. जुन्या कोडवर भरलेले ४१ फॉर्म आहेत, त्यांचं वय नवीन फंक्शनने पुन्हा मोजायचं काम सोमवारी सकाळी सुरू होतंय.